दुकान पंजाबात आहे असं वाटलं

अझहर पुन्हा फाउंड्रीत जाणार की नाही, हे एक ऑक्टोबरच्या आत ठरायचं होतं.

अझहर माझा मोठा भाऊ, वय पंचवीस. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तो तीन वर्षं मोल्डिंगला होता. उजव्या हातावर कोपरापर्यंत बारीक भाजल्याच्या खुणा आहेत, मोजल्या तर तीसेक भरतील. एप्रिलमध्ये त्यानं नोकरी सोडली आणि अब्बांच्या दुकानात आला. अब्बांचं ट्रॅक्टरचं कुशनकाम आहे. ड्रायव्हरची सीट, मडगार्डवरच्या गाद्या आणि डोक्यावरचं कापडी छत, ज्याला सगळे हूड म्हणतात. दुकान उचगावच्या पुढं, रस्त्याला लागून. पाटीवर 'मौला कुशन वर्क्स' आणि खाली ट्रॅक्टरचं एक चित्र, ज्याची चाकं चौकोनी आलीत.

नोकरी सोडायला कारण होतं त्याचं इन्स्टाग्रामचं पेज. अझहर तयार झालेल्या ट्रॅक्टरवर बसून, गॉगल लावून, पंजाबी गाण्यावर रील करायचा. लाल-काळं रेक्झिन, सोनेरी दोरा, मिशीवर बोट. त्यातली एक रील चाळीस लाख वेळा बघितली गेली. ऑगस्टअखेर पेजला एक लाख बारा हजार चारशे फॉलोअर होते. आणि त्या महिन्यात पेजवरून आलेली कामं होती तीन.

"एक लाख बारा हजार माणसं हायत की अब्बा," अझहर म्हणाला.

अब्बा सीटच्या फोमवर खडूनं आखत होते. मान वर न करता म्हणाले, "मग त्यातली बारा पाठव की हिकडं. एक लाख ऱ्हाऊ देत तितंच."

त्याच आठवड्यात फाउंड्रीतल्या सुपरवायझरांचा, जोतीराम साहेबांचा फोन आला. एक तारखेपासून एक जागा रिकामी होतेय, तिन्ही पाळ्या, तुझ्यासाठी धरून ठेवतो, पण कळव. अझहर फोनवर नुसता "व्हय सायेब, व्हय सायेब" म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर बराच वेळ हातावर वाळलेला गोंद सोलत बसला.

अब्बांचं म्हणणं सरळ होतं. ट्रॅक्टरवाले दसऱ्याच्या आधी, ऊसतोड सुरू व्हायच्या आधी गाड्या सजवतात. सप्टेंबरात कामं आली नाहीत, तर पुढच्या सप्टेंबरपर्यंत दोन शिलाई मशीन चालवायला काही नाही. एक मशीन त्यांचं. दुसऱ्यावर अझहर बसायचा की नाही, एवढाच प्रश्न.

मी याच वर्षी संख्याशास्त्रात बीएस्सी झाले. घरात बसून नोकरीचे अर्ज भरत होते. अझहरनं फोन माझ्यासमोर धरला आणि म्हणाला, "नुजे, हे आकडं तुला कळत्यात न्हवं? बघ की काय चुकतंय."

आकडे मला कळतात, असं मला तेव्हा वाटत होतं.

पेजच्या अहवालात तीन गोष्टी असतात: वय, स्त्री-पुरुष आणि ठिकाण. नव्वद दिवसांची मुदत लावून मी ते वहीत उतरवून घेतलं. तेरा ते सतरा, नऊ पूर्णांक सहा टक्के. अठरा ते चोवीस, एकावन्न पूर्णांक सात. पंचवीस ते चौतीस, सव्वीस पूर्णांक नऊ. पस्तीस ते चव्वेचाळीस, आठ पूर्णांक एक. पंचेचाळीस ते चौपन्न, अडीच. पंचावन्नच्या पुढचे सगळे मिळून एक पूर्णांक दोन. पुरुष चौऱ्याण्णव टक्के. शहरांच्या यादीत सगळ्यात वर कोल्हापूर, तीन पूर्णांक एक. मग पुणे, जयपूर, हिसार, लुधियाना, सगळे त्याहून कमी.

"बघ, कोल्हापूर पयलं हाय," अझहर म्हणाला.

पहिलं होतं खरं. आणि मी तिथंच चुकले.

एक लाख बारा हजार चारशेचे तीन पूर्णांक एक टक्के म्हणजे साधारण तीन हजार चारशे चौऱ्याऐंशी माणसं कोल्हापुरातली. पस्तीस ते चौपन्न वयाचे, म्हणजे ज्यांच्या नावावर ट्रॅक्टर असू शकतो असे, एकूण दहा पूर्णांक सहा टक्के. मी गुणाकार केला. तीनशे एकोणसत्तर. म्हणजे जवळपास पावणेचारशे ट्रॅक्टरवाले आधीच आपल्याला बघतायत, त्यांना फक्त बोलवायचं राहिलंय, असं मी दोघांना सांगितलं. अब्बांनी पहिल्यांदा मान वर केली.

"तीनशे?"

"तीनशे एकोणसत्तर."

"त्यातलं धा टक्के आलं तरी सदतीस गाड्या," अझहर म्हणाला. तोंडात साखर पडल्यासारखा त्याचा आवाज झाला होता.

आम्ही पोस्ट टाकली. कोल्हापूर आणि आसपासच्या ट्रॅक्टर मालकांसाठी, येत्या रविवारी गाडी घेऊन या, माप आणि नमुना फुकट, चहा आमच्याकडून. अब्बांनी रस्त्याकडेची खडी बाजूला सारून पाच ट्रॅक्टर उभे राहतील एवढी जागा केली. दुकानासमोर पाणी मारलं.

रविवारी दहा वाजता पहिली मोटारसायकल आली. तिच्यावर तिघं होते. मग आणखी दोन मोटारसायकली. दुपारपर्यंत अकरा पोरं जमली. एकही ट्रॅक्टर नाही.

"अझहरभाई, एक सेल्फी!"

"गाडी कुठं हाय?" अब्बांनी विचारलं.

"ही काय," एकानं मोटारसायकलला थाप मारली. "हिची सीट करून देताईसा का? त्ये वरनं डायमंड शिलाईची."

मुरगूडहून राजवीर नावाचा एक मुलगा आला होता. कॉलेजला पहिल्या वर्षाला असेल. त्यानं मोबाइलमध्ये ट्रॅक्टरचा फोटो दाखवला, आम्ही सगळे आशेनं वाकलो. "हा माझ्या स्वप्नातला हाय," तो म्हणाला. फोटो नेटवरून घेतलेला होता.

अब्बांनी अकरा जणांना चहा पाजला. शब्द दिला होता. संध्याकाळी कप विसळताना ते मला म्हणाले, "बरी पोरं होती. एकानं बशी फोडली न्हाई." मला त्यापेक्षा शिव्या चालल्या असत्या.

चूक कुठं झाली ते मला चहाच्या तिसऱ्या फेरीलाच कळलं होतं. अहवाल वय वेगळं देतो आणि ठिकाण वेगळं देतो. कोल्हापुरातल्यांचं वय काय, हे तो सांगतच नाही. मी दोन्हींचा गुणाकार केला, म्हणजे मी असं धरलं की हिसार असो की कोल्हापूर, वयाची वाटणी सगळीकडे सारखी. दुसऱ्या वर्षाला याच्यावर दहा मार्कांचा प्रश्न असतो. कोल्हापूरचे ते साडेतीन हजार म्हणजे अझहरचे शाळासोबती, त्यांचे भाऊ, तालमीतले, क्रिकेटमधले, फाउंड्रीतले. त्यांच्यात पंचेचाळीसचा माणूस शोधून सापडला नसता. आणि पस्तीसच्या पुढचे जे होते, ते कुठं होते हे देवालाच माहीत. बहुधा लुधियानात.

मी अझहरला हे समजावून सांगितलं. त्यानं ऐकलं आणि विचारलं, "मग आता काय म्हणतीस, जोतीराम सायबाला फोन करू?"

"थांब की दोन आठवडे."

"कशाला?"

एवढंच कळत होतं की मी एकच बाजू बघत होते. बघणाऱ्यांचा अहवाल माझ्याकडे होता. पैसे देणाऱ्यांचा अहवाल कुणी तयारच केलेला नव्हता.

तो अब्बांच्या मापाच्या वहीत कच्चा पडून होता. लांबट, रेक्झिनचं कव्हर घातलेली वही. गावाचं नाव, माणसाचं नाव, फोन, ट्रॅक्टरचं मॉडेल, हूडच्या पायपांमधलं अंतर, रंग. गेल्या वर्षभरातल्या एकशे अडुसष्ट नोंदी. मी तीन दिवस त्या लावत बसले. शिरोळ आणि हातकणंगल्याकडच्या एकाहत्तर. कागल, मुरगूड अडतीस. राज्याच्या हद्दीपलीकडच्या, निपाणी-चिकोडी बाजूच्या तेहतीस. बाकी इकडच्या तिकडच्या सव्वीस. खुद्द कोल्हापूर शहरातला एकही नव्हता. शहरात ट्रॅक्टर ठेवणार कुठं?

इन्स्टाग्रामच्या यादीत ही गावं दिसतच नाहीत. खेड्यातला माणूस तिथं जवळच्या मोठ्या ठिकाणात मोजला जातो, इचलकरंजी किंवा सांगली किंवा निपाणी. ती नावं आमच्या अहवालात वरच्या रांगांत नव्हतीच.

वहीत वय नव्हतं. मग मी फोन करायला बसले. वय विचारणं वाटलं त्यापेक्षा अवघड निघालं.

"मौला कुशनमधनं बोलतेय. आमचं काम टिकलंय का बघाय फोन केलाय."

"टिकलंय की. झकास हाय."

"एक विचारू का? वय काय तुमचं?"

"का हो? सोयरीक आणलीया काय?"

साठ जणांना फोन केले. सत्तेचाळीस जणांनी उचलला. एकेचाळीस जणांनी वय सांगितलं, त्यातल्या सतरा जणांची जन्मतारीख एक जून होती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी लावलेली. एक गृहस्थ म्हणाले, "कागदावर बावन्न, खरं म्हटलं तर पंचावन्न, आन् मोबाइलवाल्यानं माझ्या फोनात काय घातलंय ते त्यालाच ठावं." हे मी समासात लिहून ठेवलं. इन्स्टाग्राम जे वय दाखवतं ते खातं उघडताना कुणीतरी घातलेलं वय असतं. तरीही त्या एकेचाळीसांचं मधलं वय शेहेचाळीस निघालं. बत्तीसच्या खाली कुणीच नव्हतं.

दुसरा प्रश्न, आमचं काम पहिल्यांदा कुठं बघितलं? चोवीस जण म्हणाले, कारखान्यावर नंबराला थांबलो होतो तेव्हा. ऊस घेऊन गेलेले ट्रॅक्टर काट्यावर वजनाला नंबर लागेपर्यंत दहा-दहा तास रांगेत उभे असतात. ड्रायव्हर खाली उतरतो, पुढच्याची सीट बघतो, हात फिरवून बघतो, विचारतो कुठनं केलीस. नऊ जणांना शेजाऱ्यानं सांगितलं होतं. सहा जणांना गॅरेजच्या मिस्त्रीनं. इन्स्टाग्रामवरून आलेले दोन.

तिसरा प्रश्न मी नंतर घातला. आमचं पेज बघितलंय का? बऱ्याच जणांनी नाही म्हटलं. निपाणीजवळचे आकाराम म्हणून होते, त्यांनी मात्र हसून सांगितलं, "बघितलंय की. पोराच्या फोनात. त्ये गॉगलवालं पोरगं न्हवं? वर्षभर बघतोय. मला वाटलं दुकान पंजाबात हाय."

"पंजाबात?"

"आवो गाणं पंजाबी, खाली लिवलेलं इंग्रजी. मी पोराला म्हटलं बी, बघ तिकडं कसली कामं करत्यात, आपल्याकडं न्हाई असला कारागीर. मग नंबरात एकाची सीट बघितली. इचारलं तर म्हणं, ही हितली उचगावची. आता काय म्हणावं?"

मी ते अझहरला शब्दाला शब्द वाचून दाखवलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही.

"म्हंजे मी हाय म्हणून येत न्हाईत," तो म्हणाला.

"तसं न्हाई. गाणं..."

"तसंच की गं."

यानंतर मी सगळ्या रील एकेक करून उघडल्या. चौऱ्याहत्तर होत्या. एकेका रीलच्या अहवालात बघणाऱ्यांचं वय आणि देश दिसतो, शहर दिसत नाही. त्र्याहत्तर रीलमध्ये वयाचा पट्टा अठरा-चोवीसवरच लांब होता. एक रील वेगळी निघाली. त्यात गाणं नव्हतं. अझहर नव्हता. शिरोळकडचे बाळासो, अब्बांचं जुनं गिऱ्हाईक, ऑगस्टच्या सुरुवातीला हूड आणि सीट बदलायला आले होते. अब्बा त्यांना दाखवत होते की शिलाई वरून दिली तर पाणी फोममध्ये उतरतं, म्हणून ती दुमडून आतून द्यायची. बाळासो म्हणतात, "मागच्या साली पुरात गाडी दोन दीस पाण्यात हुती मौलाभाई, फोम अजून पिळला तर पाणी निघंल." अब्बा म्हणतात, "मग पिळू नका, पिकाला सोडा." एवढंच. फोन रेक्झिनच्या गुंडाळीला टेकवून ठेवलेला, अर्धा वेळ चित्रात अब्बांची पाठ.

एकवीसशे लोकांनी बघितलेली. पस्तीस ते चव्वेचाळीस, एकतीस टक्के. पंचेचाळीस ते चौपन्न, अठरा. सत्तर जणांनी ती दुसऱ्याला पाठवली होती.

"ही काढूनच टाकणार हुतो मी," अझहर म्हणाला. "पेज घाण दिसतंय म्हणून."

ऑगस्टमधल्या त्या तीन कामांच्या मालकांना मी फोन केले. दोघं म्हणाले, ती पुराच्या पाण्याची बघून आलो. तिघांतल्या दोघांवरून काही सिद्ध होत नाही. मी तसं म्हटलंही. अब्बा म्हणाले, "शाळेत सिद्ध कर. हितं दोन गाड्या आल्या न्हवं?"

सप्टेंबरची आठ तारीख झाली होती. आम्ही तशीच आणखी एक रील केली. अब्बा हूडच्या दोऱ्या दाखवतायत, वाऱ्यात कुठली गाठ सुटते आणि कुठली नाही. मराठीत, आमच्या मराठीत. खाली लिहिलं: उचगाव, कोल्हापूर, आणि फोन नंबर. ती पेजवर टाकली. दोन दिवसांत नऊशे जणांनी बघितली आणि तिथंच थांबली. वयाचा पट्टा पुन्हा अठरा-चोवीसवर. सरासरी बघण्याचा वेळ तीन सेकंद. खाली शेरे: 'भाई कहाँ हो', 'गाना डालो', 'ये अंकल कौन'.

बाळासोंच्या रीलला जी वाट सापडली होती, ती हिला सापडली नाही. का, ते मी खात्रीनं सांगू शकत नाही; आतलं गणित कुणी सांगत नाही. पण माझा अंदाज असा होता की रील आधी बऱ्याच प्रमाणात आपल्याच लोकांपुढं जाते. ते तिसऱ्या सेकंदाला पुढं सरकले तर तिला पुढं ढकलायला कुणी उरत नाही. आणि आपले लोक हिसारचे होते. बाळासोंची रील चालली, कारण ती बाळासोंनी आपल्या भावकीच्या गटात पाठवली होती.

म्हणजे एक लाख बारा हजार ही आमची जमा नव्हती. ती वाटेत उभी होती.

हे मला अझहरला सांगायचं होतं. मी ते दोन दिवस सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर सांगितलं की नवीन पेज काढावं लागेल. शून्यापासून. त्यात अब्बा बोलतील, गिऱ्हाइकं बोलतील.

"आन् मी?"

"तू फोन धरायचास."

तो उठून बाहेर गेला. रस्त्याकडेला खडीच्या ढिगावर बसला. अब्बा शिवत होते. थोड्या वेळानं मशीन थांबवून तेही गेले. मी दारात उभी होते, ऐकू येत होतं.

"आयुष्यात एकच गोष्ट वर आली माझी," अझहर म्हणाला. "फाउंड्रीत मला कोण ओळखत न्हवतं. हितं हिसारचं पोरगं माझं नाव घेतंय."

"घेऊ दे की. मी कुठं मोडाय सांगतोय? जुनं हाय तसं ऱ्हाऊ दे. मोकळा असशील तवा नाच."

"नाचत न्हाई अब्बा मी."

"बरं, मिशीवर बोट फिरव." अब्बा त्याच्या शेजारी बसले. त्यांना खडीवर बसायला त्रास होतो, गुडघा. "हे बघ, माझ्याच्यानं त्या फोनापुढं बोलाय हुत न्हाई. त्या दिवशी बाळासो समोर हुतं म्हणून बोललो. दोरीची घेतलीस तवा मला घाम फुटला. तू फोन धरून समोर उभा ऱ्हायलास, तुला सांगाय लागलो असं वाटलं, तर जमंल. न्हाईतर ऱ्हाऊ दे. तू जा फाउंड्रीत, मी एक मशीन चालवतो."

अझहरनं ढिगातला एक खडा उचलून पलीकडं टाकला. मग म्हणाला, "दोरीच्या रीलमध्ये तुमी पोट आत वढून बसलाईसा. त्ये आधी बंद करा."

नवीन पेज चौदा सप्टेंबरला निघालं. नाव सरळ: मौला ट्रॅक्टर कुशन, उचगाव. पहिलीच रील बाळासोंच्या वस्तीवर जाऊन केली. पुरात बुडालेली जुनी सीट त्यांनी जपून ठेवली होती, ती अब्बांनी ब्लेडनं कापून आत काय झालंय ते दाखवलं. काळा पडलेला फोम, गंजलेली स्प्रिंग. बाळासो मध्येच म्हणाले, "वास बी दाखवा की लोकास्नी." मग नवी सीट, दुमडलेली शिलाई, वरून तांब्यानं पाणी. अझहरनं एकदाही स्वतःकडे कॅमेरा वळवला नाही. दोन ठिकाणी त्याचा आवाज आहे: "अब्बा, हात खाली," आणि "परत सांगा, हळू."

दोन-तीनशे रुपये रोज घालून आम्ही ती रील चार दिवस जाहिरात म्हणून चालवली. जाहिरातीत वय आणि ठिकाण दोन्ही एकदम बांधता येतं. अहवालात जी जोडी मला मिळत नव्हती, ती इथं आपणच ठरवायची. वय पस्तीस ते पंचावन्न. जयसिंगपूरभोवती चाळीस किलोमीटर आणि निपाणीभोवती तीस. निपाणी बाजूसाठी आकारामांच्या मुलानं खाली दोन ओळी कन्नडमध्ये लिहून दिल्या. एक जूनवाल्यांचं वय फोनात काय घातलंय याला माझ्याकडे इलाज नव्हता. म्हणून वरची हद्द पंचावन्नवरून उचलून मी पासष्टला नेली.

लोक आले ते हळू आले. नवीन पेजला चार दिवसांत एकोणीस फॉलोअर. अझहर दर तासाला बघायचा आणि फोन पालथा घालून ठेवायचा. जुन्या पेजवर एकोणीस माणसं त्याला एका मिनिटात मिळायची. मी अहवाल उघडायला गेले तर तिथं रिकामी जागा. शंभर फॉलोअर होईपर्यंत वय आणि ठिकाण दाखवत नाहीत.

"आता?" अझहर म्हणाला.

"आता त्यांना विचारायचं."

आम्ही एकेकाला निरोप पाठवला. राम राम, गाव कुठलं, गाडी कुठली? एकोणीसपैकी पंधरा जणांनी उत्तर दिलं. नांदणी, कुरुंदवाड, बोरगाव, मुरगूड, दत्तवाड. त्यातल्या बारा जणांकडे ट्रॅक्टर होता. आधीच्या एक लाख बारा हजारांत बारा असतील की नाही, कोण जाणे. मी वहीत नवीन पान घेतलं आणि हाताने रकाने पाडले. गाव, वय, गाडी, कुणाच्या फोनावरून बघितलं. शेवटचा रकाना अझहरनं सुचवला. बरोबर होता. पंधरापैकी चार खाती पोरांच्या नावावर होती आणि बघणारा बाप होता.

अठ्ठावीस सप्टेंबरला पेजवर एकसष्ट लोक होते. मापं घेऊन झालेली कामं नऊ. आणखी चार फोन आले होते, त्यातले दोघं येतो म्हणाले होते आणि आले नव्हते. नऊ म्हणजे दसऱ्यापर्यंत दुसरं मशीन चालेल एवढं. त्यापुढचा हिशेब मला काढता येत नव्हता आणि मी काढलाही नाही.

सगळे थकलेले होतो. अब्बा दिवसभर बोलून आणि शिवून, घसा बसलेला. मी फोन करून. अझहर सकाळी माप घ्यायला जायचा, दुपारी मशीनवर, संध्याकाळी शूटिंग. तीन पाळ्याच झाल्या म्हणायचा. पण तक्रारीच्या सुरात नाही, नुसतं मोजल्यासारखं.

तीस तारखेला जोतीराम साहेबांचाच फोन आला. अझहरनं तो स्पीकरवर टाकला, कारण दोन्ही हात फोम चिकटवायच्या गोंदानं भरले होते.

"काय रे, उद्या पयली पाळी. येतोईस न्हवं?"

अझहरनं अब्बांकडं बघितलं. अब्बांनी मशीनवर वाकून दोरा ओवायला घेतला होता. सुई दिसत नसताना ते जरा जास्तच वाकतात.

"न्हाई सायेब. जमायचं न्हाई."

"का? मोठा माणूस झालाईस म्हणतात लोकं. लाखानं बघत्यात म्हणं."

"न्हाई, त्ये ऱ्हायलं बाजूला." अझहरनं गोंद लागलेल्या बोटानं नाक खाजवलं आणि ते चिकटलं. "उद्या कुरुंदवाडला जायाचं हाय. दोन हुडांची मापं हायत."

"दोनच?"

"दोनच."

मग जोतीराम साहेब म्हणाले, "बरं. जागा मी आठ दीस ठेवतो," आणि फोन ठेवला.

अब्बांचा दोरा ओवला गेला नव्हता. अझहरनं हात पुसले, सुई त्यांच्या हातातून घेतली, ओवून दिली आणि पुन्हा आपल्या मशीनवर जाऊन बसला.